सोमवारी लावलेला मेसेज गुरुवारी कोणाला जावा?

दुकानाच्या फोनवर व्हॉट्सॲप बिझनेस ॲप असतं, तेव्हा ब्रॉडकास्ट यादीत जास्तीत जास्त 256 जण बसतात. शिवाय ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केला आहे, त्यांनाच मेसेज पोहोचतो. या दोन अटी अनेकांना जाचक वाटतात. खरं तर त्याच तुम्हाला सांभाळत असतात, कारण नंबर सेव्ह करणारा माणूस बहुतेक वेळा तुमचा ओळखीचा गिऱ्हाईक असतो.

धंदा वाढला की दुकानदार मेटाच्या क्लाउड एपीआयकडे वळतो, म्हणजे स्वतःच्या प्रणालीतून थेट व्हॉट्सॲप मेसेज पाठवण्याच्या सोयीकडे. तिथे ना 256 ची मर्यादा आहे, ना नंबर सेव्ह असण्याची अट. ॲप तुमच्या वतीने जो संयम पाळत होतं, तो आता तुमच्या यादीने आणि तुमच्या कोडने पाळायचा असतो. त्यातही मेसेज आधी लावून ठेवायचा असेल तर जास्तच, कारण एपीआयमध्ये ‘अमुक वाजता पाठव’ असं सांगण्याची सोयच नाही. विनंती आली की ती लगेच मेसेज पाठवते. वेळ पाळण्याचं काम तुमच्या किंवा तुम्ही घेतलेल्या सेवेच्या प्रणालीत होतं, आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

एक उदाहरण धरू. पुण्यातला एक फराळवाला दिवाळीचा फराळ घरपोच देतो आणि परदेशातही पाठवतो. त्याच्या बिलांच्या नोंदींत 4,200 नंबर आहेत. ‘परदेशी पार्सलची नोंदणी सुरू’ हा मेसेज त्याने सोमवारी तयार केला आणि गुरुवारी सकाळी 11 ची वेळ लावली. हा मेसेज कोणाकोणाला जायला हवा, हा प्रश्न सोमवारी सोडवायचा की गुरुवारी? माझं उत्तर ठाम आहे. सोमवारी फक्त मजकूर, वेळ आणि यादीचे निकष ठरवावेत. नावं गुरुवारी 11 वाजताच काढावीत. असं का, ते कळण्यासाठी आधी संमती म्हणजे नक्की काय ते पाहू.

बिलासाठी दिलेला नंबर

काउंटरवर ‘नंबर सांगा’ म्हटलं की माणूस सांगतो. तो नंबर त्याने बिलासाठी किंवा डिलिव्हरीसाठी दिलेला असतो. 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यात अगदी असंच उदाहरण आहे. औषधाच्या दुकानात एक बाई पैसे दिल्याची पोच मोबाइलवर पाठवा असं सांगून आपली माहिती देते, आणि दुकानाला ती माहिती त्या पोचेसाठी वापरता येते. ऑफरच्या जाहिरातीसाठी वेगळी संमती लागते. याच कायद्याप्रमाणे संमती मोकळेपणाने दिलेली, ठरावीक कामापुरती, माहिती देऊन घेतलेली आणि स्पष्ट कृतीतून व्यक्त झालेली असावी लागते. ती काढून घेणंही देण्याइतकंच सोपं असावं लागतं. वाद झालाच, तर संमती होती हे दुकानदाराने सिद्ध करायचं असतं. कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य बंधनं त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होतात. त्याची वाट पाहण्यात अर्थ नाही, कारण व्हॉट्सॲपच्या स्वतःच्या धोरणाप्रमाणे संमती आजही लागतेच.

म्हणून ऑर्डर फॉर्मवर आधीच बरोबरची खूण केलेला चौकोन चालणार नाही. रिकामा चौकोन आणि त्याच्यापुढे सरळ वाक्य हवं: ‘नवीन पदार्थ आणि सणाच्या नोंदणीचे मेसेज मला व्हॉट्सॲपवर पाठवा. महिन्याला जास्तीत जास्त दोन. नको झाल्यास थांबवा असं लिहा.’ त्यात दुकानाचं नाव असावं. ‘महिन्याला दोन’ हे शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात. एक तर माणूस कशाला हो म्हणतोय ते त्याला कळतं, आणि दुसरं म्हणजे तुमच्या प्रणालीला पाळायला एक आकडा मिळतो.

ही संमती नुसती ‘हो’ किंवा ‘नाही’ अशा एका रकान्यात ठेवली की पुढे अडचण होते. कधी दिली, कुठे दिली (काउंटरवरचा क्यूआर, वेबसाइट, फोनवरची ऑर्डर), कोणतं वाक्य वाचून दिली आणि काढून घेतली असल्यास कधी, हे सगळं लागतं. जुनी नोंद पुसून तिच्यावर नवी लिहू नका, खाली नवी ओळ जोडा. एखाद्याने मार्चमध्ये हो म्हटलं, जूनमध्ये थांबवा म्हटलं आणि सप्टेंबरमध्ये परत क्यूआर स्कॅन केला, तर तिन्ही ओळी दिसल्या पाहिजेत आणि चालू स्थिती शेवटच्या ओळीवरून ठरली पाहिजे.

इथे एक घोटाळा इतका नेहमी होतो की तो जवळून पाहायला हवा. एक्सेलमध्ये 91 आणि पुढे दहा आकडे असा बारा अंकी नंबर टाकला की साध्या फॉरमॅटमध्ये तो `9.1982E+11` असा काहीतरी दिसायला लागतो. तशीच फाइल सीएसव्ही म्हणून सेव्ह केली की मागचे आकडे कायमचे गेले. म्हणून रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून घ्यायचा. दुसरा घोटाळा जास्त छुपा आहे. एकच माणूस एका ओळीत शून्य लावून, दुसरीकडे +91 लावून आणि तिसरीकडे नुसत्या दहा आकड्यांनी नोंदलेला असतो. त्याने ‘थांबवा’ लिहिलं की एका ओळीवर खूण होते, बाकीच्या दोन ओळी जिवंत राहतात, आणि पुढच्या आठवड्यात त्याला परत मेसेज जातो. त्याच्या दृष्टीने तुम्ही त्याचं ऐकलंच नाही. तो दुसऱ्यांदा ‘थांबवा’ लिहीत बसत नाही, सरळ ब्लॉक करतो. म्हणून संमतीची नोंद करण्याआधीच प्रत्येक नंबर देशाच्या कोडसह एकाच साच्यात आणायचा.

यादी कशी गळते

आता फराळवाल्याच्या 4,200 नंबरांकडे येऊ. त्यांपैकी संमतीची नोंद असलेले निघाले 1,910. त्यातल्या 64 जणांनी नंतर थांबवा म्हटलेलं होतं, म्हणून उरले 1,846. यातले 96 नंबर अमेरिकेचे होते. अमेरिकन नंबरांना जाहिरातीचे टेम्प्लेट मेसेज, म्हणजे मेटाकडून आधी मंजूर करून घेतलेल्या मजकुराचे मेसेज, पोहोचवणं मेटाने 1 एप्रिल 2025 पासून थांबवलं. त्यामुळे तिथल्या गिऱ्हाइकांना ई-मेलने कळवायचं ठरलं. न्यू जर्सीच्या मंडळींवर भिस्त असलेल्या कोणीही हंगामाआधी मेटाच्या कागदपत्रांत या बंदीची ताजी स्थिती पाहून घ्यावी. उरले 1,750. त्यांतल्या 230 जणांना गेल्या सात दिवसांतच चकलीच्या भाजणीचा मेसेज गेला होता. महिन्याला दोनच्या आतही आठवड्याला एकापेक्षा जास्त जाहिरात नाही असा दुकानाचा नियम आहे, म्हणून तेही वगळले. सोमवारचा आकडा झाला 1,520.

हा आकडा अंदाज म्हणून ठीक आहे. पण याच नावांची यादी गोठवून गुरुवारसाठी ठेवली तर काय होईल? मधल्या तीन दिवसांत सात जणांनी थांबवा लिहिलं आणि चौघांनी फोन करून पार्सल नोंदवूनही टाकलं. या अकरा जणांना ‘नोंदणी सुरू’ हा मेसेज जाणं चूक आहे, आणि पहिल्या सात जणांच्या बाबतीत तर तो दिलेला शब्द मोडणं आहे. दुसऱ्या बाजूला, भाजणीचा मेसेज मिळालेल्या 230 पैकी 38 जणांचे सात दिवस गुरुवारपर्यंत पूर्ण झाले, म्हणजे त्यांना आता मेसेज जायला हरकत नाही. गुरुवारी 11 वाजता काढलेली यादी 1,520 मधून 11 वजा आणि 38 मिळवून 1,547 ची होते. यादी दोन्ही बाजूंनी हलते, म्हणून ती पाठवताना काढायची.

पाठवताना डेटाबेसला विचारायचा प्रश्न साधारण असा असतो. यात `marketing_ok` हे संमतीच्या शेवटच्या ओळीवरून ठरलेलं मूल्य आहे. महिन्याला दोनची मर्यादा पाळण्याची आणि अमेरिकेचे नंबर व ऑर्डर दिलेले ग्राहक वगळण्याच्या अटी यालाच जोडायच्या.

```sql
SELECT phone FROM customers
WHERE marketing_ok = true
  AND (last_marketing_at IS NULL
       OR last_marketing_at < now() - interval '7 days');
```

एवढ्यानेही पूर्ण भागत नाही. दीड हजार मेसेज सावकाश पाठवायला पाऊण तास लागला, तर त्या पाऊण तासातही कोणीतरी थांबवा लिहितो. म्हणून प्रत्येक नंबर रांगेतून उचलला की पाठवण्याच्या क्षणी त्याची संमती पुन्हा एकदा पाहायची. ही तपासणी यंत्राला क्षणभराची आहे.

दोनदा गेलेला मेसेज

लावून ठेवलेल्या कामात हमखास होणारी चूक म्हणजे अर्ध्यावर सर्व्हर बंद पडणं आणि परत सुरू झाल्यावर काम पहिल्यापासून चालणं. आधीच्या सहाशे जणांना तोच मेसेज दुसऱ्यांदा जातो. यावरचा उपाय जुना आणि पक्का आहे. पाठवलेल्यांच्या नोंदवहीत मोहीम आणि नंबर ही जोडी एकदाच येऊ शकेल अशी अट घालायची:

```sql
UNIQUE (campaign_id, phone)
```

क्रम मात्र नीट ठेवायला हवा. आधी नोंद, मग पाठवणं. मध्येच वीज गेली तर नोंद झालेल्या एखाद्याला मेसेज मिळणार नाही. उलट क्रम ठेवला तर एखाद्याला दोनदा मिळेल. जाहिरातीच्या बाबतीत एकाला न मिळालेलं परवडतं, दोनदा मिळालेलं परवडत नाही.

वारंवारतेची मोजणीही याच नोंदवहीवरून व्हावी, आणि ती सगळ्या मोहिमांची मिळून एकच असावी. अनेक ठिकाणी दुकानातला एक जण ऑफर लावतो आणि वेबसाइट सांभाळणारा दुसरा. दोघांच्या मोहिमा आपापल्या जागी नियमात असतात, पण गिऱ्हाइकाच्या फोनवर एकाच दिवशी दोन मेसेज येतात. मोजायचं ते गिऱ्हाइकाला काय मिळालं हे.

ऑर्डर मिळाली, पार्सल निघालं असे मेसेज या मोजणीत धरू नका. ते वेगळ्या वर्गात, म्हणजे युटिलिटी टेम्प्लेटमध्ये येतात. पण त्यांच्या शेपटीला ‘पुढच्या ऑर्डरवर दहा टक्के सूट’ जोडली की मेटा ते टेम्प्लेट जाहिरातीच्या वर्गात टाकू शकते, आणि जाहिरातीचा दर जास्त असतो. गिऱ्हाइकाच्या दृष्टीनेही ती जाहिरातच असते.

व्हॉट्सॲपच्या स्वतःच्या मर्यादा

तुमच्या नियमांवर आणखी दोन कुंपणं आहेत, आणि त्यांची गल्लत होते.

पहिलं कुंपण तुमच्यासाठी आहे. कुठल्याही सलग 24 तासांत तुम्ही स्वतःहून किती वेगवेगळ्या लोकांना टेम्प्लेट पाठवू शकता, त्याची पायरी ठरलेली असते. सुरुवात 250 पासून, पुढे 2,000, 10,000, एक लाख आणि मग अमर्याद. फराळवाला 2,000 च्या पायरीवर आहे. त्याचे 1,547 त्यात बसतात आणि 453 ची जागा उरते. ती उरायलाच हवी, कारण ‘पार्सल निघालं’ हा मेसेजही स्वतःहून पाठवलेल्यांतच मोजला जातो, गिऱ्हाइकाने गेल्या 24 तासांत तुम्हाला काही लिहिलं असेल तेव्हाचा अपवाद सोडून. जाहिरातीत सगळी जागा संपवली तर पैसे भरलेल्या माणसाला पार्सलची खबर मिळत नाही.

दुसरं कुंपण मेसेज घेणाऱ्यासाठी आहे. एका माणसाला सगळ्या व्यवसायांकडून मिळून किती जाहिराती पोहोचू द्यायच्या हे व्हॉट्सॲप स्वतः ठरवतं, आणि तो आकडा जाहीर करत नाही. दिवाळीच्या तोंडावर सगळेच पाठवत असतात, तेव्हा तुमचा महिन्यातला पहिलाच मेसेजही अडू शकतो. अशा वेळी `131049` हा कोड परत येतो. यात तुमची यादी किंवा मजकूर चुकलेला नसतो. पण अनेक प्रणाली ‘अयशस्वी’ पाहिलं की पाच मिनिटांनी परत पाठवतात, तसं इथे करू नये. निदान एक दिवस थांबून एकदाच प्रयत्न करावा, आणि तोवर नोंदणी संपलेली असेल तर सोडून द्यावं. न पोहोचलेल्या मेसेजचे पैसे लागत नाहीत.

`131050` हा कोड दिसायला शेजारचा, पण अर्थाने अगदी वेगळा आहे. त्या माणसाने व्हॉट्सॲपमध्येच तुमचे जाहिरातीचे मेसेज बंद केलेले असतात. हा कोड आला की तुमच्या वहीत लगेच ‘संमती काढली’ अशी ओळ पडली पाहिजे. हीच गोष्ट `user_preferences` या वेबहुकमधूनही, म्हणजे मेटा तुमच्या प्रणालीला आपणहून पाठवते त्या सूचनेतूनही, कळते. ते वेबहुक चालू न केल्यामुळे कित्येक दुकानं नको म्हटलेल्यांना महिनोन्‌महिने पाठवत राहतात आणि मेसेज का जात नाहीत याचा शोध घेत बसतात.

एक सूचना इथेच. एपीआयने विनंती स्वीकारून मेसेजचा आयडी दिला म्हणजे मेसेज पोहोचला असं नाही. `sent`, `delivered`, `read` किंवा `failed` हे नंतर वेबहुकवर येतं. अहवाल त्याच्यावरूनच करायचा.

गुरुवारची सकाळ

1,547 पैकी 140 नंबर ब्रिटन आणि दुबईकडचे आहेत. पुण्यात 11 वाजतात तेव्हा दुबईत साडेनऊ झालेले असतात, पण ऑक्टोबरच्या बहुतेक दिवसांत लंडनमध्ये पहाटेचे साडेसहाच. म्हणून वेळ ‘पाठवणाऱ्याच्या 11’ अशी न ठेवता घेणाऱ्याच्या घड्याळाने ठेवायची, आणि ग्राहकाच्या नोंदीत तासांचा फरक न लिहिता `Europe/London` असं नाव लिहायचं. ब्रिटनमध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि लिहून ठेवलेला फरक चुकीचा ठरतो. भारतात जाहिरातीच्या एसएमएसना सकाळी 10 ते रात्री 9 ही वेळ पाळावी लागते. तो नियम व्हॉट्सॲपला लागू नसला तरी तीच चौकट पाळणं शहाणपणाचं आहे, आणि मी तर रात्री 8 लाच थांबेन.

भारतातले उरले 1,407. एपीआयचा सुरुवातीचा वेग सेकंदाला 80 मेसेजचा, म्हणजे अर्ध्या मिनिटात सगळे संपतील. तसं करू नये. आधी 150 जणांना पाठवून दोन तास थांबायचं. समजा त्यांत 12 जणांचं `131049` आलं, दोघांनी थांबवा लिहिलं, नऊ जणांनी दर विचारला. हे ठीक आहे. तिघांपेक्षा जास्त जणांनी थांबवा म्हटलं असतं, तर उरलेल्यांचं पाठवणं रोखून मजकूर आणि यादी पुन्हा पाहायची, असा नियम आधीच ठरवून ठेवावा. ऐन वेळी ‘आता लावलंच आहे तर जाऊ दे’ असं वाटतं.

उरलेले 1,257 मिनिटाला 30 या वेगाने साधारण 42 मिनिटांत जातात. हा वेग काउंटरवरच्या माणसांसाठी आहे. दीड हजार लोकांना ‘दर विचारा’ म्हणायचं आणि उत्तर द्यायला एकच जण बसवायचा, तर विचारणाऱ्याला दुपारपर्यंत उत्तर मिळत नाही. त्याने लिहिल्यापासून 24 तास तुम्ही टेम्प्लेटशिवाय साध्या शब्दांत, विनाशुल्क उत्तर देऊ शकता. पण दर विचारला म्हणून त्याने कायमच्या जाहिरातींना होकार दिला असं धरू नका.

लोक मेसेज ब्लॉक किंवा रिपोर्ट करू लागले की टेम्प्लेटचा दर्जा घसरतो. पहिल्या वेळी ते टेम्प्लेट 3 तास थांबवलं जातं, दुसऱ्या वेळी 6 तास, आणि तिसऱ्या वेळी कायमचं बंद होतं. तुमच्या प्रणालीला `132015` म्हणजे टेम्प्लेट थांबवलेलं आहे हे कळलं की तिने रांग थांबवावी. तोच मजकूर नव्या नावाच्या टेम्प्लेटमधून रेटू नये, कारण लोकांना नको असलेला मजकूर नाव बदलून हवासा होत नाही.

शेवटी ‘थांबवा’ या शब्दाबद्दल. लोक तो शब्द तसाच लिहीत नाहीत. ‘नको’, ‘बंद करा’, `STOP`, `msg pathvu naka`, कधी नुसतं ‘परत नको प्लीज’ असं येतं. नेमक्या शब्दांची यादी करून यंत्रावर सोडलं की यातले निम्मे सुटतात. म्हणून टेम्प्लेटमध्येच ‘मेसेज नकोत’ असं बटण ठेवावं आणि बाकीची उत्तरं त्याच दिवशी माणसाने वाचावीत. नोंद झाली की एकच ओळ परत पाठवावी: ‘यापुढे ऑफरचे मेसेज येणार नाहीत. तुमच्या ऑर्डरची माहिती मात्र मिळत राहील.’ तिच्यात ‘का नको ते सांगाल का’ हा प्रश्न जोडू नये.